बैठकीत सगळ्यांना कळेल असं बोलताना

सोसायटीच्या बैठकीत टाकी धुण्याची चर्चा मराठीत रंगते आणि नव्यानं राहायला आलेल्या तमिळ शेजारीणबाई गप्प बसून राहतात. अशा वेळी एकदम हिंदीत शिरू नये. हिंदी सोयीची की इंग्रजी, हे त्यांनाच विचारावं. मग झालेलं बोलणं थोडक्यात सांगावं: ‘टंकी रविवार को धुलेगी, सुबह 9 से 2 पानी बंद रहेगा. आपको कोई दिक्कत?’ हे निर्णयाआधीच व्हावं. नंतर सांगितलं तर हरकत घ्यायची वेळ निघून गेलेली असते. चर्चा पुढे हिंदीत चालली, तर फक्त मराठी कळणाऱ्या आजींना प्रत्येक मुद्दा मराठीत सांगावा. ‘समजलं ना?’ म्हटलं की सगळेच मान डोलावतात. ‘पाणी कधी भरून ठेवाल?’ असं विचारलं, की खरंच समजलंय का ते कळतं.