‘किती घ्याल?’च्या आधी

‘हॉरर गेम करतोय. भारी म्युझिक हवंय. बजेट जरा टाइट आहे. किती घ्याल?’ एकट्याने गेम बनवणारे अनेक जण संगीतकाराला पहिला निरोप असाच धाडतात. यावर तो बिचारा आकडा सांगणार कसा? काय वाजवायचं, किती वेळ, आणि ते पुढे कुठेकुठे वाजणार, यातलं काहीच त्याला कळलेलं नसतं.

समजा, गेम एका ओसाड वाड्यात घडतो. मेनूसाठी एक मिनिट, वाड्यात फिरताना दोन, पाठलागाला दीड आणि शेवटाला अर्धं, असं पाच मिनिटांचं संगीत हवंय. पहिले तीन तुकडे लूप होणारे आहेत, हे निरोपात आलंच पाहिजे. खेळणारा माजघरात वीस मिनिटं अडकला, तरी धून कुठे संपली आणि कुठे पुन्हा सुरू झाली हे कानाला कळता कामा नये. म्हणून फाइल एमपी3 नको, WAV किंवा OGG मागावी. एमपी3च्या टोकांना बारीकशी शांतता चिकटते आणि दर फेरीला संगीत ठेचकाळतं. तुकडा हातात आला की हेडफोन लावून सलग दहा फेऱ्या ऐकाव्यात. खोट असेल तर लक्षात येते.

पैशाचं म्हणाल, तर आकडा आधी आपणच सांगावा. या कामात दर बहुधा तयार मिनिटामागे ठरतो. ‘माझ्याकडे 20 हजार आहेत, पाच मिनिटं बसतील का?’ असं विचारलं की समोरचा मोकळेपणाने म्हणू शकतो, ‘मेनूला वेगळी धून नको, वाड्याचीच संथ करून देतो.’ आगाऊ किती आणि दुरुस्त्या किती वेळा, हेही तिथेच ठरवून टाकावं.

खरी मेख हक्कांत आहे. फ्रीलान्सरला पैसे मोजले म्हणून संगीताचा कॉपीराइट आपोआप आपला होत नाही. तो घ्यायचा तर लेखी, सहीनिशी करार लागतो. त्यातही भारतीय कॉपीराइट कायदा असा, की करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. स्टीमवर गेम विकला जातो जगभर, तोही वर्षानुवर्षं! परवान्यालाही हीच कलमं लागू होतात.

सगळे हक्क विकत घ्यायचा अट्टाहास मात्र मला पटत नाही. 20 हजारांत कुणी आपली धून कायमची का द्यावी? ‘माइनक्राफ्ट’च्या मूळ संगीताचे हक्क ते रचणाऱ्या सी418ने स्वतःकडेच ठेवले, आणि गेमचं त्यात काही अडलं नाही. फक्त संगीतकाराने अल्बम काढून यूट्यूबच्या कंटेंट आयडीत नोंदवला, तर आपला गेम खेळून दाखवणाऱ्यांच्या व्हिडिओंवर दावे पडू लागतात.

तेव्हा निरोपात आणि मग करारात एवढं जरूर लिहा: ‘हे संगीत या गेममध्ये, त्याच्या ट्रेलरमध्ये आणि खेळणाऱ्यांच्या व्हिडिओंत, जगभर, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीपर्यंत वापरता येईल. दुसऱ्या गेमला ते द्यायचं नाही. अल्बम तुमचा, पण कंटेंट आयडीत नोंद नको.’