नोकरीचा प्रस्ताव हाती आल्यावर : वेतन, रुजू होण्याचा दिनांक आणि घरून काम

शासकीय सेवेत किंवा शाळेत नेमणूक होते तेव्हा वेतनश्रेणी आधीच ठरलेली असते. उमेदवाराने पगाराविषयी काही बोलावे असा प्रसंगच येत नाही. त्यामुळे खाजगी कंपनीचे पत्र घेऊन एखादा माजी विद्यार्थी किंवा ओळखीच्या घरातील मुलगी सल्ला विचारावयास आली, म्हणजे "मिळते आहे ती नोकरी घेऊन टाक, उगाच घासाघीस कशाला?" असे उत्तर आपल्या तोंडून सहज निघून जाते. खाजगी क्षेत्रात मात्र कंपनीचे पहिले पत्र हा बहुधा बोलणीचा प्रारंभ असतो. एखाद्या पदासाठी कंपनीने खर्चाची किमान आणि कमाल मर्यादा ठरविलेली असते, आणि पत्रातील आकडा त्यातील कमाल मर्यादेचाच असेल असे नाही.

ठाणे व कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात या बोलणीला एक वेगळे परिमाण आहे, ते प्रवासाचे. येथील नोकरदार ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, घोडबंदर रस्त्यावर, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या ऐरोली, घणसोली, महापे येथे किंवा थेट मुंबईत कामाला जातात. पगार किती, रुजू केव्हा व्हावयाचे आणि आठवड्यातून किती दिवस घरून काम करता येईल हे तीन प्रश्न त्यांच्या बाबतीत वेगवेगळे राहत नाहीत. तो एकच हिशेब होतो. तो कसा मांडावा हे एका उदाहरणाने पाहू. उदाहरण काल्पनिक असून आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. पगाराची मांडणी मात्र प्रत्यक्षात आढळते तशीच आहे.

डोंबिवली पूर्वेस राहणारी एक लेखापाल कल्याणच्या एका कंपनीत काम करते. घरापासून कार्यालय अर्ध्या तासावर आहे. तिचे वार्षिक वेतन ६ लाख ६० हजार रुपये असून दरमहा सुमारे ५० हजार रुपये तिच्या हातात पडतात. ऐरोलीच्या एका कंपनीने तिला ७ लाख ८० हजारांचा प्रस्ताव दिला. वाढ १ लाख २० हजारांची, म्हणजे अठरा टक्क्यांची. घरात पेढे वाटावेत असाच हा आकडा वाटतो.

परंतु हा आकडा पगाराचा नव्हे. कंपनीला त्या व्यक्तीवर वर्षभरात करावयाच्या एकूण खर्चाचा आहे. यालाच नोकरदार मंडळी 'सीटीसी' म्हणतात. पत्रासोबतचा तक्ता उलगडला असता त्यात ७२ हजार रुपये 'कामगिरीनुसार बदलते वेतन' आहे. ते वर्षअखेरीस मिळेल, कमी मिळेल किंवा मिळणारही नाही. भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा दरमहा १,८०० याप्रमाणे २१,६०० रुपये आहे. उपदानासाठी सुमारे १७,३०० आणि आरोग्य विम्यासाठी सुमारे ९,१०० रुपये धरले आहेत. या सर्वांची बेरीज १ लाख २० हजार होते. ती वजा केली की ६ लाख ६० हजार, म्हणजे दरमहा ५५ हजार रुपये निश्चित वेतन उरते. त्यातून तिचा स्वतःचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा १,८०० आणि व्यवसाय कर २०० रुपये गेला, की हातात पडतात ५३ हजार. एवढ्या उत्पन्नावर नव्या कररचनेत प्राप्तिकर लागत नाही, एवढीच जमेची बाजू.

सारांश, अठरा टक्क्यांच्या वाढीतून दरमहा हातात येणार ३ हजार रुपये. ऐरोलीस जावयाचे तर डोंबिवलीहून ठाण्यास येऊन ट्रान्स-हार्बर मार्गाची गाडी धरावी लागते. घरातून निघून कार्यालयात पोहोचेपर्यंत दीड तास धरला, तर रोज पूर्वीपेक्षा दोन तास अधिक जातील आणि पास, रिक्षा मिळून महिन्यास १,५०० रुपये जास्त खर्च होईल. म्हणजे खरी वाढ १,५०० रुपये, आणि तीही महिन्यास चव्वेचाळीस तास अधिक प्रवास करून.

पुढील प्रश्न रुजू होण्याचा. नव्या कंपनीस ती तीस दिवसांत हवी आहे. जुन्या कंपनीच्या नियुक्तिपत्रात नव्वद दिवसांच्या नोटिशीची अट आहे. उरलेल्या साठ दिवसांचे पैसे भरून सुटका करून घेता येते. ही वसुली मूळ वेतनावर की संपूर्ण वेतनावर, हे जुन्या नियुक्तिपत्रात पाहावे. पुष्कळांना हे वाक्य राजीनामा दिल्यानंतरच प्रथम दिसते. येथे मूळ वेतन २६ हजार आहे, तेव्हा त्याच्या आधारे वसुली ५२ हजारांची होईल. दरमहा १,५०० रुपयांच्या वाढीतून ही रक्कम भरून निघण्यास जवळजवळ तीन वर्षे लागतील. 'पत्र आले, सही करून टाकू' असे म्हणणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो.

आता मागणी कशी करावी ते पाहू. एकूण आकडा वाढवा, असे म्हणण्यापेक्षा निश्चित मासिक वेतनावर बोलणे अधिक फलदायी ठरते. या उदाहरणात ५५ ऐवजी ६० हजार निश्चित वेतन मागावे. त्यापैकी ३ हजार रुपये बदलत्या वेतनातून इकडे वळविता येतात. वर्षाचे ७२ हजार होते, त्यातील ३६ हजार निश्चित झाले आणि ३६ हजार कामगिरीवर राहिले. उरलेले २ हजार ही खरी वाढ. उमेदवाराच्या हातातील रक्कम ५३ वरून ५८ हजारांवर गेली, पण कंपनीचा एकूण खर्च वाढला तो वर्षास अवघा २४ हजारांनी, म्हणजे तीन टक्क्यांनी. मनुष्यबळ विभागातील अधिकाऱ्यास वरिष्ठांकडून मंजुरी घ्यावयाची असते ती या तीन टक्क्यांची, आणि ती सहसा अवघड नसते. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिच्या व्याख्येनुसार निरनिराळे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास जादा भाग 'वेतनात' धरला जातो. प्रस्तुत उदाहरणात नव्या कंपनीने मूळ वेतन ३० हजार ठेवले आहे, म्हणजे ६० हजारांच्या बरोबर निम्मे; त्यामुळे ही फेरमांडणी करताना कंपनीस तेथे अडचण येत नाही.

मागणीचे कारण देताना घराचे कर्ज किंवा भावाचे शिक्षण सांगू नये. ते खरे असले तरी समोरच्या अधिकाऱ्यास त्याची नोंद मंजुरीच्या कागदावर करता येत नाही. कोणते काम आपण स्वतंत्रपणे सांभाळले आहे हे सांगावे. जसे जीएसटीची विवरणपत्रे, वैधानिक लेखापरीक्षणाची तयारी किंवा चार माणसांच्या कामावर देखरेख. दुसरा प्रस्ताव हाती असल्यास तो जरूर सांगावा, पण नसताना सांगू नये. सध्याचा पगारही फुगवू नये. तीन महिन्यांच्या वेतनपावत्या आणि फॉर्म १६ पुढे मागितले जातात, आणि तफावत आढळल्यास झालेली नेमणूकही रद्द होऊ शकते.

रुजू होण्याच्या दिनांकाबाबत मधला मार्ग बहुधा निघतो. आमच्या लेखापालाने सध्याच्या कार्यालयाकडे चौकशी करून साठ दिवसांत काम हवाली करता येईल असे पाहिले, तर उरलेल्या तीस दिवसांचे २६ हजार रुपये नव्या कंपनीने भरावेत असे ती म्हणू शकते. अनेक कंपन्या हे मान्य करतात, मात्र वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास रक्कम परत करण्याची अट घालतात. ती वाचून घ्यावी. कार्यमुक्तीपूर्वीच दुसरीकडे रुजू होणे हा तर सर्वथा टाळावयाचा प्रकार होय. भविष्य निर्वाह निधीच्या एकाच खाते क्रमांकावर दोन मालकांकडील सेवेचे दिनांक एकमेकांवर आलेले दिसतात, आणि पुढील प्रत्येक पडताळणीत त्याचा खुलासा करीत बसावे लागते. तसेच नवे पत्र लेखी हाती पडल्याशिवाय जुन्या कार्यालयात राजीनामा देऊ नये. दूरध्वनीवरील 'पक्के समजा' याला आधार नसतो.

घरून काम करण्याचे दिवस मागणे येथील उमेदवारांना अवघड वाटते, आणि ते मागताना प्रवासाच्या हालांचे वर्णन अधिक केले जाते. हाल खरेच आहेत. ९ जून २०२५ रोजी दिवा व मुंब्रा यांच्या दरम्यान गर्दीच्या गाड्यांतून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले, त्या घटनेचा विसर येथील घरांना पडणे शक्य नाही. तथापि कंपनी निर्णय घेते तो कामाच्या सोयीवरून. म्हणून कोणते काम घरून पूर्णपणे होऊ शकते ते नेमके सांगावे. मंगळवार व गुरुवार असे वार नेमून मागावेत. पहिले तीन महिने रोज येऊन त्यानंतर ही सवलत सुरू व्हावी असे सुचविल्यास होकाराची शक्यता वाढते. वीज गेली तर काय, हा प्रश्न हमखास येतो. इन्व्हर्टरची आणि पर्यायी इंटरनेटची सोय आधीच करून ठेवलेली बरी. दोन दिवस मिळाले तर वरील चव्वेचाळीस तासांपैकी सतरा-अठरा तास वाचतात. ते न जमल्यास कार्यालयाची वेळ बदलून मागावी. साडेनऊऐवजी अकराची वेळ मिळाली, तरी डोंबिवली स्थानकावर मिळणारी गाडी पुष्कळ निराळी असते.

कारखान्याच्या पाळीत, बँकेच्या शाखेत किंवा रुग्णालयात हा प्रश्नच उद्भवत नाही. महाविद्यालयातून एकगठ्ठा होणाऱ्या भरतीतही सर्वांस एकच वेतन असते; तेथे फार तर नेमणुकीचे ठिकाण आणि दिनांक यांविषयी विनंती करता येते.

उत्तर लिहिताना कायद्यातील एक बारकावा ध्यानात ठेवावा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती बिनशर्त असावी लागते, आणि कलम ५ प्रमाणे स्वीकृती कळविली जाण्यापूर्वी प्रस्ताव मागे घेता येतो. "साठ हजार दिल्यास येईन" असे लिहिले, तर तो मूळ प्रस्तावास नकार व स्वतःचा नवा प्रस्ताव समजला जाऊ शकतो. जुना आकडाही मग हक्काने मागता येत नाही. त्याऐवजी विचारणेची भाषा वापरावी. उदाहरणार्थ : "आपल्या प्रस्तावाबद्दल आभारी आहे व या पदावर काम करण्याची माझी इच्छा आहे. अंतिम स्वीकृती कळविण्यापूर्वी तीन बाबींचा विचार होऊ शकेल का, हे जाणून घ्यावयाचे आहे. निश्चित मासिक वेतन ६० हजार, रुजू होण्याचा दिनांक आजपासून साठ दिवसांनी, आणि तीन महिन्यांनंतर आठवड्यातून दोन दिवस घरून काम. यांपैकी वेतनाची बाब माझ्या दृष्टीने प्रमुख आहे." तिन्ही मागण्या एकाच पत्रात असाव्यात. एक मान्य झाल्यावर दुसरी, ती झाल्यावर तिसरी काढणारा उमेदवार समोरच्यास नकोसा होतो. पत्रात उत्तराची मुदत दिलेली असल्यास ती उलटण्यापूर्वी हे लिहावे. मुदत संपली की प्रस्तावही संपतो.

होकार आल्यावर सुधारित पत्र मागून घ्यावे आणि ते जुन्याशेजारी ठेवून ओळीने वाचावे. वेतनाचा आकडा बहुधा बरोबर असतो. गफलत होते ती घरून कामाच्या बाबतीत. "कंपनीच्या वेळोवेळी बदलणाऱ्या धोरणानुसार" एवढेच वाक्य तेथे असेल, तर त्यातून दोन दिवसांचे आश्वासन मिळालेले नाही असे समजावे. दिवसांची संख्या पत्रात घालण्यास कंपनी तयार नसल्यास, विभागप्रमुखाकडून निदान ई-मेलने ती कळवून घ्यावी. पुढे विभागप्रमुख बदलला तर त्या ई-मेलचा उपयोग होतो. नियुक्तिपत्राएवढे वजन मात्र त्याला नसते.