इंडक्शनवरचा डोसा कडेला कच्चा का राहतो?

इंडक्शनची शेगडी भांड्याला ज्या रीतीने तापवते, ती गॅसपेक्षा अगदी वेगळी आहे. काचेखाली तांब्याच्या तारेचं गोल वेटोळं असतं. त्यामुळे वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडातच वीज फिरू लागते आणि बूड तापतं. त्यासाठी बूड लोहचुंबक धरणारं आणि सपाट हवं. फ्रिजवरचं चुंबक बुडाला घट्ट चिकटलं, तर भांडं चालेल. बिडाचा आणि लोखंडी तवा चालतो, साधी हिंडालियमची कढई किंवा पितळी पातेलं चालत नाही. स्टीलचं काही सांगता येत नाही, चुंबक लावूनच बघावं. गोल बुडाची कढई लोखंडी असली तरी निरुपयोगी.

आता डोसा. गॅसची ज्योत तव्याखाली पसरते. इंडक्शनमध्ये मात्र वेटोळ्याच्या वर येतो तेवढाच भाग तापतो. तवा बारा इंची आणि वेटोळं सात इंची असेल, तर मध्यभागी डोसा करपतो आणि कडा पांढऱ्याच राहतात. बिडातून उष्णता सावकाश पसरते, म्हणून घाई करून २००० वॉटवर तवा तापवू नये. तसं केलं तर मधोमध धूर निघतो, पातळ पत्र्याचा तवा तर वाकतोही. ८०० वॉटच्या आसपास पाच-सात मिनिटं द्यावीत. मग मध्यभागी आणि कडेला पाण्याचे थेंब टाकून बघावेत. दोन्हीकडे चर्र झालं की तवा तयार. मधे फारच तापला असेल तर पाणी शिंपडून पुसून घ्यावा, पीठ पसरावं आणि मगच वॉट थोडे वाढवावेत. डोसाही वेटोळ्यापेक्षा फार मोठा करू नये. कडा भाजण्यासाठी तवा उचलून तिरका धरायची गॅसवरची सवय इथे चालत नाही, कारण तवा उचलला की तापणंच थांबतं.

तळणाची गोष्ट निराळी. तापमानाचं बटण दाबून १८० ठेवलं म्हणजे तेल १८० अंशांवर राहतं, असं नाही. साध्या शेगडीचा तापमापक काचेखाली असतो, त्याला तेलाचा अंदाज उशिरा लागतो. तेल थोडं असेल तर ते बघता बघता धुरावतं. वडे तळताना वॉटवरच चालवावं हे बरं: १२०० वर तेल तापवायचं, पिठाचा थेंब टाकल्यावर तो लगेच वर आला की वडे सोडायचे. गार सारणाने तेल निवतं, तेव्हा वॉट वाढवायचे आणि बुडबुडे जोरात आले की उतरवायचे. अगदी मंद आचेवर बऱ्याच स्वस्त शेगड्या सलग न तापता थांबून-थांबून चालतात. त्यामुळे चकली-शंकरपाळ्यांसारखं सावकाश तळायचं असेल, तर जाड बुडाची कढई घ्यावी आणि तेलही जरा जास्त घालावं. तेल तापत असताना शेगडीपासून हलू नये, इथे ज्योत दिसत नाही.

नवा तवा घ्यायला जाल तेव्हा आपल्या शेगडीवरच्या वर्तुळाचं माप घेऊन जा, आणि खिशात एक चुंबक ठेवा.