तक्रारीत राग नको, तास लिहा

मागच्या महिन्यात बाह्यरुग्ण विभागात कुरुंदवाडचे एक गृहस्थ कागदांनी भरलेली पिशवी घेऊन आले. "डॉक्टरसाहेब, पोराचा हात गेला. ग्राहक कोर्टात जायचंय. एवढं लिहिलंय, बघा जरा." चार पाने होती. प्रत्येक ओळीत संताप होता, पण कुठेही वेळ लिहिलेली नव्हती. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून त्यांची हकिगत सांगतो.

तीस वर्षांचा मुलगा इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. सोमवारी सकाळी ११ वाजता त्याच्या मोडलेल्या हाताला प्लास्टर घातले. रात्री ९.१० वाजता फोन केला: वेदना असह्य आहेत, बोटे बधिर पडली आहेत. उत्तर मिळाले, "गोळी द्या, सकाळी या." मंगळवारी ९ वाजता ते गेले, दुपारी १२.३० वाजता तपासणी झाली आणि १२.४५ला प्लास्टर कापले. मग कोल्हापूरला शस्त्रक्रिया झाली, पण बोटे पूर्ण वळत नाहीत.

प्लास्टरच्या आत सूज वाढली की रक्तपुरवठा दाबला जातो आणि साधारण सहा तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात. म्हणून या तक्रारीचा कणा एकच आहे: फोन केल्यापासून प्लास्टर कापेपर्यंत गेलेले साडेपंधरा तास. हात मोडला तो दवाखान्याचा दोष नाही. उपचाराला यश आले नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला, असेही कायदा मानत नाही. सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने जे केले असते ते झाले नाही, आणि त्यामुळेच नुकसान झाले, हे दोन्ही दाखवावे लागते.

आपल्याकडचे जुने उदाहरण पाहा. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. ९ मे रोजी त्याला पुण्यातील रुग्णालयात आणले. तिथे भूल न देता, जोर लावून हाड बसवण्यात आले आणि त्याच रात्री तो दगावला. डॉक्टरांच्या मते मृत्यूचे कारण रक्तात गेलेली चरबी होते. न्यायालयाने मात्र जोर लावल्याने बसलेला धक्का हेच कारण धरले. वडिलांना मिळालेली ३,००० रुपयांची भरपाई १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. तिथेही प्रश्न हाच होता: कोणत्या वेळी काय केले आणि त्यातून काय झाले?

म्हणून त्या गृहस्थांना तक्ता करायला सांगितले. तारीख-वेळ, काय घडले, पुरावा. फोनपुढे मोबाइल कंपनीकडील कॉलची नोंद, तपासणीपुढे केसपेपर, शस्त्रक्रियेपुढे कोल्हापूरचे डिस्चार्ज कार्ड. ज्या ओळीपुढे कागद नाही, तिथे प्रत्यक्ष हजर असलेल्याचे प्रतिज्ञापत्र जोडायचे. केसपेपर, नर्सच्या नोंदी आणि संमतिपत्राच्या प्रती लेखी अर्ज करून मागायच्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची. अर्जानंतर ७२ तासांत प्रती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. सोबत दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचे लेखी मत असावे. नुसते "चूक झाली" असे नको, प्लास्टर रात्रीच कापले असते तर काय वाचले असते, हे त्यात हवे.

त्यांनी पन्नास लाख मागितले होते. आम्ही हिशेब मांडला. पहिल्या दवाखान्याचे १८,००० रुपये वगळले, कारण हाड मोडल्यावर तो खर्च होणारच होता. शस्त्रक्रियेचे १,४०,००० आणि फिजिओथेरपीचे १२,००० धरले. आठ महिने काम बुडाले. त्यातले दोन तसेही बुडाले असते. उरलेल्या सहा महिन्यांचे, दरमहा १५,००० प्रमाणे, ९०,००० होतात. पावत्या आणि मालकाचा दाखला यांवर उभे राहणारे हे २,४२,००० रुपये. कायमच्या अपंगत्वाची रक्कम अपंगत्वाच्या प्रमाणपत्रातील टक्केवारीवरून वेगळी मांडायची. मानसिक त्रास, व्याज आणि दाव्याचा खर्च हे आणखी वेगळे मुद्दे.

तक्रार कोणत्या आयोगाकडे करायची, हे आता मागितलेल्या भरपाईवर नव्हे, उपचारासाठी मोजलेल्या पैशांवर ठरते. इथे ते १८,००० आहेत, म्हणून कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. सर्वांवर मोफत उपचार करणाऱ्या आमच्यासारख्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र हा मार्ग चालत नाही.

परवा ते पुन्हा आले. चार पानांची दीड पाने झाली होती. "राग कुठं लिहू?" त्यांनी विचारले. मी ९.१० आणि १२.४५ या दोन आकड्यांवर बोट ठेवले.