चाँदरात ते दस्तरखान

रमजान ईदचा दिवस ठरतो चंद्र दिसल्यावर, म्हणजे आदल्या संध्याकाळी. त्यामुळे तांदूळ, शेवया, खारीक आणि सुकामेवा आधीच घरात असावा. ताजं मटण मात्र चाँदरातीलाच आणायचं. वीस पाहुण्यांसाठी दोन किलो बासमती आणि अडीच किलो मटण पुरतं, कारण सोबत चिकन कोर्मा आणि शामी कबाबही असतात.

घरच्या स्वयंपाकात खरी अडचण असते ती शेगड्यांची. चार बर्नरपैकी दोन बिर्याणीच्या दमात अडकतात. म्हणून थांबू शकणारे पदार्थ रात्रीच उरकावेत. कोर्मा मुरून अधिकच चांगला लागतो. शामीचा खिमा चणाडाळीसह पूर्ण कोरडा शिजवून वाटावा आणि टिक्क्या वळून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. मिश्रण ओलसर राहिलं तर कबाब तव्यावर फुटतात. तसं दिसलं तर वाटण पुन्हा कढईत परतून पाणी आटवावं.

कच्च्या मटणाची बिर्याणी नाजूक काम आहे, कारण मटण किती कोवळं आहे याचा भरवसा नसतो. पाहुण्यांसाठी मी पक्कीच करते. मटण रात्री मसाल्यात शिजवून, गार करून फ्रिजमध्ये ठेवते.

जेवण दीडला असेल तर हिशेब उलटा करायचा. साडेअकराला तांदूळ भिजत घालायचे. बाराला खळखळत्या खारट पाण्यात एकेक किलो उकळायचे. दाणा बोटांत दाबल्यावर तुटला आणि मधे पांढरा कण दिसला की लगेच निथळायचे. दोन पातेल्यांत थर लावायचे. एकच मोठं पातेलं घेतलं तर घरच्या बर्नरची आंच कडेपर्यंत पोहोचत नाही. थर लावण्यापूर्वी मटण वाफाळेपर्यंत गरम करावं आणि रस्सा चमच्याला चिकटेल इतका आटवावा. मटण गार असेल तर वाफ उशिरा धरते. रस्सा पातळ असेल तर खालच्या भाताचा गिचका होतो.

साडेबाराला झाकण कणकेने लिंपावं. पहिली दहा मिनिटं मोठी आंच, मग खाली तवा सरकवून अर्धा तास मंद. एक दहाला गॅस बंद करून वीस मिनिटं झाकण उघडायचं नाही, नाहीतर शितं मोडतात. पाहुणे येऊ लागले की मोकळ्या बर्नरवर कबाब तळायचे. कोर्मा गरम करताना दाट वाटला तर त्यात गरमच पाणी घालावं.

शिरखुर्म्याची गंमत वेगळी. नमाजहून परतल्यावर तोच आधी तोंडात पडतो आणि जेवणानंतरही लागतो. शेवया दूध पीत राहतात, म्हणून सकाळचा शिरखुर्मा दुपारी खिरीऐवजी लगदा झालेला असतो. चार लिटर दूध आटवून त्यात साखर, रात्रभर भिजवलेली खारीक आणि तुपात परतलेली चारोळी, बदाम घालून ठेवावं. तुपावर भाजलेल्या पाव किलो बारीक शेवयांपैकी निम्म्या सकाळी, निम्म्या दूधात घालाव्यात. उरलेल्या बिर्याणी वाढून झाल्यावर, राहिलेलं दूध पुन्हा उकळलं की टाकाव्यात. पाच मिनिटं पुरतात.