मसाला एक, पानं चार

समजा, साताऱ्याकडच्या एका बाई कांदा-लसूण मसाला ॲमेझॉनवर विकतात. तीन वर्षांत त्यांची तिथे चार पानं झाली आहेत. 200 ग्रॅमचं एक, भाच्याने चुकून नव्या बारकोडवर उघडलेलं त्याच 200 ग्रॅमचं दुसरं, 500 ग्रॅमचं तिसरं आणि 1 किलोच्या पाकिटाचं चौथं. पहिलं बरं चालतं, बाकीची रखडली आहेत. यातलं काय ठेवायचं आणि काय बंद करायचं?

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पान बाईंनी उघडलं असलं तरी ते त्यांच्या मालकीचं नसतं. प्रत्येक वस्तूला ॲमेझॉन दहा अक्षरी-अंकी क्रमांक देतं. त्याला ASIN म्हणतात आणि पानाच्या पत्त्यात `/dp/` नंतर तो दिसतो. रिव्ह्यू आणि विक्रीचा रँक याच क्रमांकाला चिकटतात, विकणाऱ्याला नाही. म्हणून दरवेळी विचारायचा प्रश्न एकच: ही वस्तू तीच आहे की वेगळी?

200 ग्रॅमच्या दोन पानांचं उत्तर सोपं आहे. वस्तू तीच, तेव्हा पानं एक करायची. विक्रेत्यांच्या मदत कक्षाकडे दोन्ही क्रमांक आणि पाकिटाचे फोटो पाठवून तशी विनंती करता येते. विलीनीकरण झालं की दोन्हीकडचे रिव्ह्यू उरलेल्या पानावर एकत्र येतात. मात्र नाव आणि फोटो भलत्याच पानाचे उरू शकतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पान उघडून बघावं. जुना क्रमांक टाकल्यावर नवंच पान उघडलं, तर काम झालं.

500 ग्रॅमचं पान विलीन करता येत नाही, कारण वजन वेगळं. ते 200 ग्रॅमशेजारी त्याच कुटुंबात बसवायचं, म्हणजे गिऱ्हाईक एकाच पानावर वजन निवडतं. मग बाईंना मोह होतो की गोडा मसालाही तिथेच चिकटवावा, आयते तारे मिळतील. हे करू नये. वेगळी वस्तू दुसरीच्या रिव्ह्यूंवर विकणं हा नियमभंग आहे. अमेरिकेत याच आरोपावरून 2023 साली जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या ‘बाउंटीफुल’ कंपनीला 6 लाख डॉलर भरावे लागले. तिने नवी उत्पादनं जुन्या खपाऊ उत्पादनांच्या कुटुंबात घुसवली होती.

खरी डोकेदुखी चौथ्या पानाची. 41 रिव्ह्यू, सरासरी 3.1. अशा वेळी आधी भेटी बघायच्या. भेटीच नसतील तर दोष नावात, फोटोत किंवा शोधशब्दांत असतो. तो दुरुस्त करावा, पान मारू नये. इथे लोक येतात, रिव्ह्यू वाचतात आणि परत जातात. तक्रार चवीची नाहीच: ‘पाकीट फुटलं, सगळ्या डब्यात तेल.’

हे रेटिंग सुधारेल का, याचं गणित कागदावर होतं. पुढचे रिव्ह्यू सरासरी 4.5 चे आले, तरी सरासरी 4 वर न्यायला आणखी 74 लागतात. शंभर गिऱ्हाइकांत दोघंच लिहितात असं धरलं, तर 3,700 पाकिटं विकावी लागतील. महिन्याला 60 खपत असतील तर पाच वर्षं! ॲमेझॉन साधी सरासरी काढत नाही, ताज्या रिव्ह्यूंना वजन देतं, म्हणून प्रत्यक्षात वेळ कमी लागेल. तरीही माझं मत, हे पान बंद करावं.

पण बंद करून तेच पाकीट नव्या क्रमांकावर आणणं म्हणजे पाटी पुसणं, आणि त्याला परवानगी नाही. पाकीट नुसतं जाड केलं तर वस्तू तीच राहते. मात्र 1 किलोच्या पाकिटाऐवजी 750 ग्रॅमची बरणी काढली तर वजन बदललं, आणि बारकोडच्या नियमांनुसारच नवा बारकोड घ्यावा लागतो. मग नवं पान हक्काचं. त्याची किंमत अशी की रिव्ह्यू शून्य आणि रँकही शून्यापासून. म्हणून बरणी 200 आणि 500 ग्रॅमच्या कुटुंबातच बसवावी. मसाला तोच असल्याने ते रास्त आहे.

बंद करताना घाई नको. ॲमेझॉनच्या गोदामातला माल आधी संपवावा किंवा परत मागवावा, जाहिराती थांबवाव्यात, मग लिस्टिंग ‘क्लोज’ करावं. ‘डिलीट’ला हात लावू नये, क्लोज केलेलं पुन्हा सुरू करता येतं. विक्री थांबली की रँक घसरत जातो.

रिव्ह्यू मात्र दोन्हींनी पुसले जात नाहीत. कोणी ते पान शोधून उघडलंच, तर 3.1 तारे, फुटलेल्या पाकिटांचे फोटो आणि ‘सध्या उपलब्ध नाही’ ही ओळ त्याला दिसतेच.