चोवीस शून्यांनंतरचा आकडा

जॉन आर्बथनॉट हा इंग्लंडच्या ॲन राणीचा वैद्य. गणिताचाही जाणकार. लंडनमधल्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी चाळताना त्याच्या लक्षात आले की 1629 ते 1710 या सलग 82 वर्षांत दर वर्षी मुलींपेक्षा मुलगे जास्त जन्मले होते. मुलगा की मुलगी हे निव्वळ नाणेफेकीसारखे असेल, तर एखाद्या वर्षी मुलगे जास्त असण्याची शक्यता फार तर निम्मी. मग 82 च्या 82 वर्षे तसेच घडण्याची शक्यता किती? निम्म्याला निम्म्याने 82 वेळा गुणायचे. उत्तर येते सुमारे 2.07 × 10⁻²⁵, म्हणजे दशांशचिन्हापुढे 24 शून्ये आणि मग कुठे 2.

संख्याशास्त्रात आज ज्याला पी-व्हॅल्यू म्हणतात, तिचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण. प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून ठळक फरक दिसण्याची शक्यता किती, हे ती सांगते. आर्बथनॉटने ही अतिसूक्ष्म शक्यता शून्यावर नेली नाही, छेदातला प्रचंड आकडा मांडूनच दाखवली.

हेच गणित आज एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये केले, तर तक्त्यातल्या Sig. या रकान्यात बरीच वर्षे .000 असे दिसत आले आहे. त्याचा अर्थ शक्यता शून्य आहे असा नव्हे. तीन दशांश स्थळांपुढचे सॉफ्टवेअरने छापलेले नाही, एवढाच. त्या चौकटीवर डबल-क्लिक केले की आत दडलेला आकडा दिसतो. अलीकडच्या आवृत्त्या थेट <.001 असेच छापतात. तरीही प्रबंधांत आणि शोधनिबंधांत p = 0.000 भेटतेच, कारण पडद्यावर दिसले ते तसेच उतरवले जाते.

हे चूक का? योगायोगाने तसे घडणे अशक्यच आहे, असे p = 0 म्हणते आणि अशा चाचण्यांतून तसे कधीच सिद्ध होत नाही. आर्बथनॉटच्या उदाहरणातही सलग 82 वर्षे छापा पडणे अशक्य नाही, कल्पनेपलीकडचे दुर्मीळ आहे. काही जण सावधगिरीने p < 0.000 लिहितात, ते तर आणखी वाईट, कारण शून्यापेक्षा कमी शक्यता नसतेच. शिवाय पुढे कोणी अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करू लागला, की फिशरच्या पद्धतीत प्रत्येक पी-व्हॅल्यूचा लॉगॅरिदम घ्यावा लागतो. शून्याचा लॉगॅरिदम अस्तित्वातच नाही, तिथे तो अडतो.

आर या भाषेत तीच चाचणी केली तर p-value < 2.2e-16 असे उत्तर येते. अनेकांना हा आपल्या माहितीतून निघालेला निष्कर्ष वाटतो आणि ते तो जसाच्या तसा निबंधात टाकतात. खरे तर ती छापण्यापुरती ठरवलेली मर्यादा आहे. संगणकाच्या नेहमीच्या अंकमांडणीत 1 आणि त्याच्या लगतची मोठी संख्या यांच्यात जेवढे अंतर असते, तेवढी. मूळ आकडा मागितला तर मिळतो:

```
binom.test(82, 82)$p.value
```

इथे 4.14 × 10⁻²⁵ येते. आर्बथनॉटच्या दुप्पट, कारण ही चाचणी मुली जास्त असण्याची बाजूही मोजते.

वाचकाला मात्र बहुतेक वेळा इतका सूक्ष्म आकडा नको असतो. म्हणून वैद्यकातली आणि मानसशास्त्रातली अनेक नियतकालिके 0.001 ही सीमा धरतात. त्याखाली p < 0.001, त्यावर नेमका आकडा, उदाहरणार्थ p = 0.034. जनुकशास्त्रात हजारो-लाखो चाचण्या एकदम होतात आणि 5 × 10⁻⁸ हाच उंबरठा असतो. तिथे दहाचा घात लिहिणे भागच आहे.

सीमा कोणतीही घ्या, पण संपूर्ण निबंधात एकच असावी. सारांशात p < 0.0001, मजकुरात p = 0.000 आणि तक्त्यात 0.00 असे दिसले, तर हे तीन वेगळे निकाल आहेत की एकच, हे वाचकाने कसे ओळखायचे? सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे संपूर्ण आकडे एका ठिकाणी ठेवून मजकूर आणि तक्ते दोन्हींसाठी एकाच नियमाने ते छापून घेणे. आरमध्ये `format.pval` हे फंक्शन eps = 0.001 देऊन वापरता येते. हाताने टंकले की तक्ता क्रमांक 4 मध्ये कुठेतरी जुना .000 राहतोच.

एका ठिकाणी मात्र p < 0.001 हेही खोटे ठरू शकते. आकडे पुन्हा पुन्हा पिसून केलेल्या चाचणीत 999 वेळा पिसूनही मूळ निकालाइतका ठळक निकाल एकदाही आला नाही, तर सॉफ्टवेअर 0 दाखवू शकते. पण मूळ मांडणी हीसुद्धा संभाव्य मांडण्यांपैकी एक असते, म्हणून अंशात आणि छेदात एक-एक मिळवायचा: 1 भागिले 1,000, म्हणजे p = 0.001. त्याखाली गेल्याचा दावा करायचा असेल तर आधी जास्त वेळा पिसावे लागेल. 9,999 वेळा पिसूनही तसा निकाल आला नाही, तर 0.0001 मिळते आणि तेव्हा p < 0.001 लिहिता येते.